तक्रारीवरचे नाव: उद्धटपणा, अनादर, जाच आणि छळ यांतील फरक

इगतपुरी तालुक्यातील नोकरदार माणसे गोंदे-वाडीवऱ्हे पट्ट्यातील कारखान्यांत, घाटमाथ्यावरील रिसॉर्टांत, रेल्वेत, घोटीच्या बाजारपेठेत, शाळांत आणि पंचायत समितीसारख्या कार्यालयांत विखुरलेली असून, यांतील प्रत्येक ठिकाणी वर्तनाविषयीची नियमावली निराळी आहे. रेल्वे कर्मचाऱ्याला १९६६ चे रेल्वे सेवा (वर्तणूक) नियम लागू होतात, राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम लागू होतात, मोठ्या कारखान्यातील कामगाराला त्या कारखान्याचे स्थायी आदेश लागू होतात, आणि लहान हॉटेलातील माणसाकडे अनेकदा नेमणूकपत्रापलीकडे काहीच नसते. अपमान झालेल्या माणसाला मात्र सर्वत्र सारखेच वाटते, आणि म्हणून तक्रारीतही सर्वत्र सारखेच वाक्य उमटते: ‘मला मानसिक त्रास दिला जात आहे.’ हे वाक्य खरे असले तरी त्यावरून तक्रार कोणत्या समितीकडे जावी, काय सिद्ध करावे लागेल आणि मुदत किती, यांपैकी काहीच ठरत नाही. ते ठरते घडलेल्या कृतीच्या स्वरूपावरून, आणि ते स्वरूप ओळखण्यासाठी चार प्रकार वेगळे करून पाहावे लागतात.

पहिला प्रकार उद्धट वर्तनाचा, म्हणजे एखाद्या प्रसंगी आवाज चढवणे, तोडून बोलणे किंवा सर्वांदेखत अवमानकारक शब्द वापरणे. त्यात इजा असते, पण प्रसंग सुटा असतो. दुसरा प्रकार सातत्याने अनादर करण्याचा. नमस्काराला उत्तर न देणे, बैठकीत बोलणे मध्येच तोडणे, गटातील निरोप एकाच व्यक्तीपर्यंत पोहोचू न देणे अशा बारीक कृतींचा त्यात समावेश होतो. लिन अँडरसन आणि ख्रिस्टीन पिअर्सन या अभ्यासकांनी १९९९ मध्ये या प्रकाराची जी व्याख्या मांडली, तिच्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत: वर्तनाची तीव्रता कमी असते, आणि समोरच्याला दुखावण्याचा हेतू होता की नाही हे संदिग्ध राहते. हेतूची ही संदिग्धताच अशा वर्तनाचे कवच ठरते, कारण विचारणा झाली की ‘लक्षात आले नाही’ एवढे उत्तर पुरते.

तिसरा प्रकार, ज्याला कार्यालयांत बुलिंग म्हटले जाते आणि ज्याला येथे जाच म्हटले आहे, तो तीन घटकांनी ओळखला जातो: कृती पुन्हापुन्हा होते, ती एका ठराविक व्यक्तीवर रोखलेली असते, आणि अधिकार, संख्या किंवा माहिती यांच्या बळावर करणारा वरचढ असल्याने सोसणाऱ्याला तिचा प्रतिकार सहज करता येत नाही. या विषयाचा पाया घालणारे स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ हाइन्झ लेमन यांनी आठवड्यातून किमान एकदा आणि सुमारे सहा महिने, असे मोजमाप सुचवले होते. ते संशोधनासाठी होते; तक्रार करण्यासाठी कोणी सहा महिने थांबावे असा त्याचा अर्थ नाही, पण सातत्य दाखवावे लागते हे त्यातून घेण्यासारखे आहे. वरिष्ठाने केलेली प्रत्येक कडक कृती जाच ठरत नाही, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. काम चुकल्यास लेखी खुलासा मागणे, लक्ष्य ठरवून देणे, गैरहजेरीबद्दल नोटीस देणे किंवा कामाची पाळी बदलणे हे व्यवस्थापनाचे नेहमीचे अधिकार आहेत, आणि ऑस्ट्रेलियाच्या कामगार कायद्यात तर वाजवी कारणाने व वाजवी पद्धतीने केलेली अशी कृती जाचाच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेली आहे. त्यामुळे कडक वरिष्ठ आणि जाच करणारा वरिष्ठ यांतील भेद ओळखताना तीन गोष्टी पाहाव्यात: कारण दिले गेले का, तोच नियम इतरांना लागू झाला का, आणि चुकीच्या मानाने कारवाई फार मोठी होती का.

चौथा प्रकार छळाचा. रोजच्या बोलण्यात कोणत्याही मोठ्या त्रासाला छळ म्हणतात. कायद्यात मात्र हा शब्द बहुधा त्रासाच्या प्रमाणाशी नव्हे तर त्याच्या आधाराशी जोडलेला असतो. लैंगिक स्वरूपाचे नकोसे वर्तन, जातीवरून केलेला अपमान, अपंगत्वावरून केलेली मानहानी, विद्यार्थ्यांमधील रॅगिंग यांना स्वतंत्र कायदे आहेत आणि त्यांत अनेकदा एकच प्रसंगही पुरेसा असतो. उलट, कोणत्याही असल्या आधाराशिवाय होणाऱ्या जाचाची व्याख्या करून त्यावर उपाय देणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या १९० व्या कराराने एकदाच घडलेले आणि वारंवार घडलेले असे दोन्ही प्रकारचे अस्वीकार्य वर्तन एकाच व्याख्येत घेतले, परंतु भारताने त्या कराराला मान्यता दिलेली नाही. म्हणून उद्धटपणा, अनादर आणि जाच या तिन्हींची तक्रार भारतात मुख्यतः शिस्तभंगाच्या नियमांखाली जाते, तर छळाची तक्रार विशिष्ट कायद्याने नेमलेल्या यंत्रणेकडे जाते. तक्रारीवरच्या नावाचे महत्त्व इथून सुरू होते.

हे सारे प्रत्यक्षात कसे घडते ते पाहण्यासाठी एक कल्पित प्रकरण घेता येईल. इगतपुरीजवळच्या एका रिसॉर्टमध्ये चाळीस माणसे कामाला आहेत, असे समजावे. हाउसकीपिंग विभागात काम करणारी एक महिला ठाकर या अनुसूचित जमातीतील आहे, आणि तिचा व्यवस्थापक त्या समाजाचा अथवा कोणत्याही अनुसूचित जाती-जमातीचा नाही. जूनच्या मध्यावर, पावसाळी पर्यटकांची गर्दी असलेल्या एका शनिवारी, खोली वेळेवर तयार न झाल्याने व्यवस्थापक पाहुण्यांसमोर तिच्यावर ओरडतो. त्यानंतर ड्युटीच्या चार्टचा निरोप तिला एकटीलाच उशिरा मिळू लागतो आणि व्हॉट्सअ‍ॅप गटातूनही तिचे नाव काढले जाते. जुलैत पाच आठवड्यांत चार वेळा तिची साप्ताहिक सुट्टी ऐनवेळी रद्द होते आणि इतरांना दिवसाला दहा खोल्या असताना तिला सोळा दिल्या जातात. २० जुलैला लाँड्रीत, तीन सहकारी आणि कपडे घेऊन आलेला बाहेरचा एक चालक उपस्थित असताना, तो तिच्या जमातीचा उल्लेख करून अपमानकारक बोलतो. २८ जुलैच्या रात्री त्याच्याकडून संदेश येतो, की एकटीने भेटायला आली तर सुट्टीचे पाहता येईल. ऑगस्टमध्ये ती महिला मालकाला अर्ज देते: ‘व्यवस्थापक मानसिक त्रास देतात, तरी योग्य कारवाई व्हावी.’

या अर्जाचे काय होईल, याचा अंदाज करणे कठीण नाही. मालक व्यवस्थापकाला बोलावून समज देईल, किंवा दोघांना समोरासमोर बसवून ‘मिटवून घ्या’ म्हणेल, आणि कागद बंद होईल. मालक वाईट आहे म्हणून असे होईलच असे नाही. अर्जात जे लिहिले होते त्याला साजेसेच उत्तर दिले गेले, ही यातली खरी अडचण आहे. पाच घटनांचे पाच वेगवेगळे अर्थ एका मोघम शब्दात बुडाले, आणि जुलैमधील दोन गंभीर घटनांचा अर्जात पत्ताच लागला नाही.

आता प्रत्येक घटना सुटी करून पाहावी. शनिवारचे ओरडणे हा उद्धटपणा आहे आणि एवढ्यावर मोठी शिक्षा टिकणे अवघड असते. रमाकांत मिश्रा प्रकरणात १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पूर्वी काही ठपका नसताना एकाच प्रसंगी वापरलेल्या अशिष्ट भाषेसाठी बडतर्फी ही टोकाची शिक्षा ठरते, अशी भूमिका घेतली होती. दुसरीकडे महिंद्रा अँड महिंद्राच्या एका कामगाराने वरिष्ठाला अत्यंत गलिच्छ शिवीगाळ केल्याच्या प्रकरणात कामगार न्यायालय आणि उच्च न्यायालय यांनी त्याला कामावर परत घेण्याच्या बाजूने कौल दिला असतानाही, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी कायम केली. दोन्ही निकाल एकत्र वाचले की तक्रारदाराला उपयोगी पडणारी एक गोष्ट दिसते: न्यायालय ‘शिवीगाळ’ या नावावर थांबत नाही, तर नेमके कोणते शब्द, कोणासमोर, कोणत्या संदर्भात आणि पूर्वी काय घडले होते हे पाहते. ‘अर्वाच्य भाषा वापरली’ असे लिहून प्रत्यक्ष शब्द संकोचाने गाळणे ही मराठी तक्रारअर्जांतील सर्रास दिसणारी सवय त्यामुळे घातक ठरते. शब्द कितीही ओंगळ असोत, ते अर्जात अवतरणचिन्हांत जसेच्या तसे यायला हवेत.

गटातून वगळणे आणि निरोप उशिरा देणे हा अनादर, आणि खोल्यांचे वाढीव काम व रद्द झालेल्या सुट्ट्या हा जाच. या दोन्हींचा पुरावा शब्दांत नसून तुलनेत असतो. तिला सोळा खोल्या दिल्या गेल्या एवढे सांगून काही सिद्ध होत नाही, कारण गर्दीच्या दिवसांत सगळ्यांनाच जास्त काम पडते. त्याच दिवशी त्याच पाळीतील इतरांना दहा होत्या, हे चार्टवरून दाखवता आले की व्यवस्थापकाला कारण द्यावे लागते. म्हणून अशा प्रकारात तारखांची वही आणि ड्युटीचार्टची छायाचित्रे साक्षीदाराइतकीच मोलाची असतात. अनादराच्या सुट्या कृती वेगळ्या तक्रारी म्हणून न देता जाचाच्या तक्रारीतील आधीची कडी म्हणून मांडाव्यात, कारण एकेकट्याने त्या क्षुल्लक दिसतात आणि मूळ तक्रारीलाही क्षुल्लकपणाचा रंग चढवतात.

लाँड्रीतील प्रसंग पूर्णपणे निराळा आहे. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ नुसार अशा समाजातील व्यक्तीला, त्या समाजाबाहेरील कोणी, अपमानित करण्याच्या हेतूने, लोकांच्या नजरेसमोर असलेल्या ठिकाणी अवमानित करणे किंवा जातीच्या नावाने शिवीगाळ करणे हा गुन्हा आहे. तो पोलीस ठाण्याचा विषय होतो. रिसॉर्टची कोणतीही समिती त्याचा निकाल लावू शकत नाही. मात्र या कायद्यात प्रत्येक घटक सिद्ध व्हावा लागतो. हितेश वर्मा प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी नसताना घडलेला अपमान या कलमात बसत नाही आणि अपमान त्या व्यक्तीच्या जातीमुळेच झालेला असावा लागतो, असे स्पष्ट केले. म्हणून वरील उदाहरणात तीन सहकाऱ्यांच्या आणि विशेषतः बाहेरून आलेल्या चालकाच्या उपस्थितीचा उल्लेख हा शोभेचा तपशील नाही. कलम लागू होते की नाही हे त्यावर ठरू शकते. तोच व्यवस्थापक बंद खोलीत, कोणी नसताना तेच बोलला असता, तर तो शिस्तभंगाच्या तक्रारीचा गंभीर विषय राहिला असता, पण या कलमांचा आधार डळमळीत झाला असता.

रात्रीचा संदेश महिलांच्या कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या अधिनियमाखाली येतो. १९९७ मधील विशाखा निकालाने घालून दिलेल्या तत्त्वांना या अधिनियमाने कायद्याचे रूप दिले. त्यात नकोसा शारीरिक स्पर्श, शरीरसुखाची मागणी, लैंगिक शेरे, अश्लील साहित्य दाखवणे आणि लैंगिक स्वरूपाचे इतर नकोसे वर्तन हे पाच प्रकार दिले आहेत, आणि नोकरीत फायद्याचे आमिष किंवा तोट्याची धमकी त्यांच्याशी जोडलेली असेल तर तेही छळाच्या कक्षेत येते. इथे एक गैरसमज वारंवार होतो. कायद्यात ‘मानहानिकारक वागणूक’ आणि ‘भीतीदायक वातावरण’ असे शब्द आहेत, म्हणून वरिष्ठाने महिलेला दिलेली कोणतीही मानहानिकारक वागणूक या कायद्यात येते असे समजले जाते. तसे नाही, ती वागणूक लैंगिक स्वरूपाच्या कृतीशी संबंधित असावी लागते. पण हीच गोष्ट उलट दिशेने तक्रारदाराच्या उपयोगी पडते. सुट्टी रद्द होणे एरवी फक्त जाच ठरले असते, परंतु ‘भेटायला आली तर सुट्टीचे पाहू’ या संदेशामुळे त्याच सुट्ट्यांना वेगळा अर्थ येतो, आणि नकारानंतरही सुट्ट्या रद्द होत राहिल्या तर नोकरीतील नुकसानीचा तो पुरावा बनतो. जाचाचा तोच तक्ता, तारखांसह, या तक्रारीलाही जोडावा.

या कायद्याची मुदत कडक आहे. घटनेपासून, किंवा घटनांची मालिका असल्यास शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांत लेखी तक्रार व्हावी लागते. समितीला कारणे नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत ती वाढवता येते. उदाहरणातील महिलेसाठी संदेशानंतर काहीच घडले नसेल तर ही मुदत २८ ऑक्टोबरच्या सुमारास संपते. ‘मानसिक त्रास’ असा अर्ज देऊन मालकाच्या उत्तराची वाट पाहण्यात दिवाळी उजाडली, की नाव चुकल्याची किंमत प्रत्यक्ष भरावी लागते. चाळीस कर्मचारी असल्याने त्या रिसॉर्टमध्ये अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, कारण दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेला ते लागू होते. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या खानावळीत किंवा दुकानात, अथवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तेव्हा, ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, म्हणजे नाशिकला जाते. इगतपुरीच्या वाड्यापाड्यांतून नाशिक गाठणे सर्वांना जमेल असे नाही, म्हणून ग्रामीण व आदिवासी भागात तालुका पातळीवर समन्वय अधिकारी नेमण्याची तरतूद कायद्यातच आहे. त्याने तक्रार स्वीकारून सात दिवसांत स्थानिक समितीकडे पाठवायची असते. तक्रारदाराला लिहिता येत नसेल तर लिहिण्यासाठी मदत करणे हेही समितीचेच काम आहे. हा कायदा फक्त महिलांना संरक्षण देतो. तसाच संदेश पुरुष कर्मचाऱ्याला आला तर त्याला वर्तणूक नियमांचा किंवा स्थायी आदेशांचा मार्ग घ्यावा लागतो.

नाव कमी लावल्याचे नुकसान असे, तर जास्त लावल्याचेही आहे. शनिवारच्या ओरडण्यालाच ‘लैंगिक छळ’ म्हणून समितीपुढे नेले, तर समिती त्यात लैंगिक स्वरूप शोधेल, ते सापडणार नाही, आणि तक्रार सिद्ध झाली नाही असा अहवाल येईल. व्यवस्थापक मग तो अहवाल दाखवत निर्दोष म्हणून वावरेल, जरी त्याचे ओरडणे चार जणांनी ऐकलेले असले तरी. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून तक्रारदारावर कारवाई करता येत नाही, असे संरक्षण कायद्याने दिले आहे. कारवाईसाठी तक्रार खोटी असल्याचे माहीत असून दुष्ट हेतूने केली हे चौकशीत ठरावे लागते. तरीही फसलेल्या पहिल्या तक्रारीची सावली दुसऱ्या खऱ्या तक्रारीवर पडते, हे कोणत्याही कार्यालयात दिसते.

एकाच वर्तनाला अनेक नावे एकाच वेळी लागू होऊ शकतात, हे महाराष्ट्राला मुंबईच्या नायर रुग्णालयाशी संलग्न महाविद्यालयातील पदव्युत्तर विद्यार्थिनी डॉ. पायल तडवी यांच्या मे २०१९ मधील मृत्यूनंतर ठळकपणे दिसले. त्या तडवी भिल्ल या आदिवासी समाजातील होत्या. तीन वरिष्ठ डॉक्टरांवर रॅगिंगविरोधी कायदा, अत्याचार प्रतिबंध अधिनियम आणि आत्महत्येस प्रवृत्त करण्याचे कलम असे तीनही लावले गेले. आरोपींनी आरोप नाकारले. आधीच तोंडी तक्रारी केल्या होत्या, असे कुटुंबीयांनी सांगितले होते. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंध कायद्यानुसार लेखी तक्रार मिळाल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करणे, आणि प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवणे बंधनकारक आहे. ‘सिनियर फार बोलतात’ असे विभागप्रमुखाला सांगितल्याने हा सात दिवसांचा काटा फिरू लागत नाही; ‘रॅगिंग’ या नावाने, सहीनिशी, पोच घेऊन दिलेल्या कागदाने फिरतो. इगतपुरी-घोटी परिसरातील महाविद्यालयांत आणि वसतिगृहांत शिकणाऱ्यांच्या पालकांनी हा भेद विशेष ध्यानात ठेवावा.

अर्ज लिहिताना म्हणून क्रम उलटा ठेवावा. आधी घटना, तारीख, वेळ, जागा, उपस्थित माणसे आणि नेमके शब्द असे सारे क्रमाने लिहावे, आणि मगच, शेवटच्या परिच्छेदात, कोणती घटना कोणत्या नियमाखाली येते असे वाटते ते सांगावे. नाव लावताना ‘हे वर्तन अमुक अधिनियमाखाली लैंगिक छळ आहे, तसे न ठरल्यास ते स्थायी आदेशांखाली गैरवर्तन म्हणून विचारात घ्यावे’ अशी पर्यायी मांडणी करण्यास काहीच हरकत नसते. उदाहरणातील महिलेने एक नव्हे तर तीन कागद करावेत: २८ जुलैचा संदेश आणि सुट्ट्यांचा तक्ता अंतर्गत समितीकडे, साक्षीदारांची नावे व पुराव्यांसह आणि नियमानुसार सहा प्रतींत, २० जुलैचा प्रसंग पोलीस ठाण्यात, जमातीच्या दाखल्याची प्रत जोडून, आणि ओरडणे, वगळणे व खोल्यांचे वाढीव काम मालकाकडे शिस्तभंगाची तक्रार म्हणून. तिन्हींत तारखा जुळल्या पाहिजेत, कारण विरुद्ध बाजूचा वकील पहिल्यांदा तेच तपासतो. समितीकडे दिलेली तक्रार गोपनीय असते, म्हणून तिची प्रत गटांत फिरवू नये. चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा असा अंतरिम दिलासाही समितीकडे लेखी मागता येतो.

ज्यांनी मोघम अर्ज आधीच दिला आहे त्यांनी तो मागे घेण्याची गरज नाही. त्याच अर्जाचा क्रमांक, दिनांक आणि पोच नमूद करून, तपशील आणि योग्य अधिनियमाचा उल्लेख असलेली पुरवणी तक्रार योग्य समितीकडे द्यावी, आणि तीन महिने उलटले असतील तर उशिराचे कारण म्हणून पहिला अर्ज वेळेत मालकाकडे दिला होता हे स्पष्ट लिहून त्याची प्रत जोडावी. मुदतवाढ देण्यासाठी समितीला नोंदवावे लागणारे कारण बहुतेक वेळा त्याच कागदात मिळते.